पहिल्या सत्राचं स्वागतभाषण: वीस मिनिटांत मुलांना नेमकं काय सांगावं?

डोंगरपायथा

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी प्राचार्य आहे. पुढच्या सोमवारी पहिल्या वर्षाच्या मुलांचं स्वागत आहे आणि माझ्या वाट्याला वीस मिनिटं आली आहेत. समोर तीनशेच्या आसपास मुलं, मागे पालक, वर खडखडणारे पंखे.

गेल्या वर्षीही बोललो होतो. ध्येय, जिद्द, आईवडिलांचे कष्ट, सगळं सांगून झालं. आठवड्याने कॅन्टीनपाशी एका मुलाला विचारलं, काय लक्षात राहिलं रे? म्हणाला, "सर, टू-व्हीलर मागच्या गेटने आणायची." तेही माझं वाक्य नव्हतं, माझ्यानंतर रजिस्ट्रार बोलले होते.

म्हणून यंदा एकच गोष्ट सांगायची ठरवली आहे. मी मूळचा गणिताचा मास्तर. दरवर्षी बघतो, एम-१ च्या तासाला मुलं माना डोलावतात, 'समजलं सर' म्हणतात, ते खोटंही नसतं. आणि पहिल्या चाचणीत तेच उदाहरण आलं की तिसऱ्या ओळीवर पेन थांबतं. मसुद्यातला मुख्य भाग असा:

"मुलांनो, गेली दोन वर्षं तुम्ही पर्याय निवडत होता. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, चुकलं तरी गुण कापत नाहीत. इथे पर्याय नाहीत, कोरा कागद आहे. तेव्हा रोज संध्याकाळी, त्या दिवशी फळ्यावर झालेलं एकच उदाहरण वही बंद करून पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवा. जिथे अडाल तिथे आडवी रेघ मारा, मगच वही उघडा. महिन्याभराने त्या रेघा कुठे कुठे आहेत ते बघा. तुमचा अभ्यास तिथे आहे."

एवढं पुरेसं आहे का? काय चुकतंय? मोकळेपणाने सांगा.

तिखटमीठ

सर, वीस मिनिटांचं भाषण दीड मिनिटात संपवलंत तर मुलं तुम्हाला देव्हाऱ्यात बसवतील.

सुभाषितप्रेमी

उत्तम उपक्रम! सुरुवात एखाद्या संस्कृत श्लोकाने करावी, मध्ये दोन चारोळ्या आणि शेवट शेराने. माझ्याकडे स्वागतासाठी चाळीसेक चारोळ्यांचा संग्रह आहे, व्यनि केल्यास पाठवतो.

एम१_तीनदा

माझ्या आयडीवरून कळलंच असेल. सर, तुमचा परिच्छेद वाचून पोटात गोळा आला, कारण तो मुलगा मीच.

माझी पद्धत सांगतो. वही पूर्ण, तीन रंगांची पेनं, मार्जिन आखलेली. परीक्षेआधी ती वही वाचायची, आणि वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटायची. 'हां, इथे लॉग घेतला, हां, इथे एल-हॉस्पिटल.' वही मिटताना वाटायचं, युनिट झालं. पहिल्या केटीनंतर जास्त वेळा वाचली. दुसऱ्या केटीनंतर मित्राची वही आणून वाचली, म्हटलं माझीच वही खराब असेल!

तिसऱ्या वेळी खोलीवरच्या एका सीनियरने वही काढून घेतली आणि हा एक प्रश्न दिला:

```
lim (x→0) (sin x / x)^(1/x²)
```

मी छातीठोकपणे म्हणालो, एक. कारण कंसातलं एकाकडे जातं, आणि एकाचा कितीही घात केला तरी एकच. तो म्हणाला, कंस एकाकडे *जातोय*, एक *झालेला* नाही, आणि तोवर घात अनंताकडे निघालाय. मग कोण जिंकतं ते बघावं लागेल ना? हे सर वर्गात बोलले असणार. माझ्या वहीत 'one raised to infinity form' असं लाल पेनने लिहिलेलंही होतं. लिहिलं होतं, पण मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

जुनी_वही

@एम१_तीनदा, अगदी बरोबर जागा पकडलीत. सत्तावीस वर्षं हेच शिकवून निवृत्त झाले, म्हणून थोडं लांबण लावते.

या गणितात मुलं तीन ठिकाणी अडतात, आणि तिन्ही अडचणी वेगळ्या असतात. पहिली जागा म्हणजे लॉग घ्यायचं सुचणंच. ते सुचलं तर घात खाली येतो आणि प्रश्न `log(sin x / x) / x²` असा शून्य भागिले शून्य होतो. दुसरी जागा, डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर येणारा गुंता: `(x cos x − sin x) / (2x² sin x)`. इथे जो मुलगा मुकाट्याने पुन्हा डेरिव्हेटिव्ह घेत सुटतो, त्याचं पान भरतं आणि चिन्ह चुकतं. ज्याने हे आधी एकदा स्वतः केलेलं असतं, तो खालच्या `sin x` च्या जागी `x` ठेवतो, कारण त्यांचं गुणोत्तर एकाकडेच जातं. मग दोन ओळींत वजा एक षष्ठांश मिळतं. तिसरी जागा सर्वांत दुष्ट. वजा एक षष्ठांश मिळालं की मुलं खाली दोन रेघा मारून मोकळी होतात. अरे, ते लॉगचं उत्तर आहे! खरं उत्तर `e^(−1/6)`.

आणि हे चुकलंय हे पेपरातच कळू शकतं. शून्याजवळ `sin x / x` धन आहे, धन संख्येचा घात धनच येणार, मग लिमिट ऋण कशी येईल? 'हे उत्तर येऊ शकतं का?' असा अर्ध्या मिनिटाचा प्रश्न. पर्यायांच्या परीक्षेत ती सवय लागत नाही, कारण तिथे येऊ शकणारी उत्तरं कोणीतरी आधीच छापून दिलेली असतात.

म्हणून सर, तुमच्या 'रेघ मारा' मध्ये भर घाला. रेघेशेजारी चार शब्दांत लिहायचं, का अडलो. 'सुचलं नाही', 'करताना चुकलो' की 'संपलं असं वाटलं'. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

घाटमाथा

गंमत म्हणून कॅल्क्युलेटरवर x = ०.१ टाकून बघितलं. उत्तर शून्य येतंय. बाईंचं उत्तर चुकलंय का?

जुनी_वही

डिग्रीवर आहे तो. रेडियनवर करा.

घाटमाथा

०.८४६ आलं. `e^(−1/6)` पण ०.८४६. शरमेने मान खाली. मी सतरा वर्षं इंजिनिअर म्हणून नोकरी करतोय, हे कंपनीत कुणाला सांगू नका.

तिखटमीठ

पूल कुठे कुठे बांधलेत तेवढं सांगा, रस्ता बदलतो.

शिस्तबद्ध

सर, तुम्ही मूळ शास्त्रीय गोष्ट विसरलात. एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्येच सिद्ध केलंय की माणूस २४ तासांत जवळपास ६६ टक्के विसरतो. उपाय सोपा आहे: शिकवलेलं त्याच दिवशी तीन वेळा वाचायचं, दुसऱ्या दिवशी दोनदा, आठवड्याने एकदा. मुलीला हेच तक्त्यावर लावून दिलंय. भाषणात हा तक्ता दाखवा.

निरुत्तर

@शिस्तबद्ध, अर्धं बरोबर आहे. अंतर ठेवून पुन्हा भेट द्यायची हे पक्कं. पण एबिंगहाऊसने प्रयोग स्वतःवरच केले, आणि तेही निरर्थक अक्षरांच्या याद्यांवर. तो आकडा उचलून एम-१ ला चिकटवता येत नाही. अर्थ कळलेली गोष्ट त्या वेगाने विसरत नाही.

मुख्य घोळ 'तीन वेळा वाचायचं' यात आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर न बघता लिहिणारे पुढे. @एम१_तीनदा यांना वही मिटताना 'युनिट झालं' वाटायचं ते उगाच नाही, पाच मिनिटांपुरतं ते खरंच झालेलं असतं.

हे उतारे होते, गणित नव्हतं, एवढं लक्षात ठेवावं. पण सरांची बंद वही त्याच कुळातली आहे.

शिस्तबद्ध

माझ्या मुलीला दहावीत ९४ टक्के याच तक्त्याने पडले. प्रयोगापेक्षा अनुभव मोठा.

निरुत्तर

अभिनंदन तिचं. तक्ता राहू द्या, फक्त 'वाचणे' खोडून 'न बघता लिहिणे' करा आणि एक महिना बघा.

सोनचाफा

मी वेगळं बोलणार आहे. माझी दहावी मराठी माध्यमातून, जिल्हा परिषदेच्या शाळेतून. पहिल्या सत्रात मला गणित अडलं नव्हतं, प्रश्न अडला होता.

'Hence deduce' हे दोन शब्द. मला वाटायचं ही वाक्य सजवायची पद्धत आहे, अर्जात 'सविनय' लिहितात तशी. त्यामुळे प्रश्नाचा पहिला भाग सोडवायचा आणि दुसरा भाग पुन्हा शून्यापासून सुरू करायचा, दीड पान घालवायचं. कोणी सांगितलंच नाही की 'hence' म्हणजे वरचं उत्तर वापर, दुसरा भाग दोन ओळींचा आहे. तसंच 'respectively'. तसंच 'verify' आणि 'prove' मधला फरक. वर्गात विचारायची लाज वाटायची, कारण शहरातली मुलं हसतील. पुढे कळलं की त्यांच्यातल्याही निम्म्यांना माहीत नव्हतं.

मी वहीच्या मागच्या पानावर असे शब्द लिहायला लागले. दिवाळीपर्यंत तीसच्या आत यादी संपली. फक्त तीस शब्द हो! सर, तुमच्या तालुक्याच्या कॉलेजात माझ्यासारख्या मुली असणारच. तुम्ही स्टेजवरून 'hence' या एका शब्दाचा अर्थ सांगितलात ना, तरी त्यांना कळेल की हे विचारायला चालतं.

डोंगरपायथा

@सोनचाफा, हे माझ्या मसुद्यात नव्हतं आणि असायला हवं होतं. इतकी वर्षं पेपर काढतो, 'hence deduce' लिहिताना कधी मनात आलं नाही. घेतो.

@जुनी_वही, बाई, रेघेशेजारचे चार शब्दही घेतो. नमस्कार.

@सुभाषितप्रेमी, आभार, तूर्तास नको.

जीटीमास्टर

सगळे गणितावरच बसलात. पहिल्या सत्रात ग्राफिक्सही असतं काही जणांना. तिथे बंद वही कशी करणार?

आमच्या हॉस्टेलला काच होती, दोन खुर्च्यांवर ठेवायची, खाली बल्ब. वर एकाची झालेली शीट, त्यावर कोरी शीट, आणि रात्रभर जीटी. मी त्यातला मास्टर, माझ्या रेघा मूळ शीटपेक्षा सरळ यायच्या. शीटला शेरा 'गुड'. परीक्षेत फर्स्ट अँगल प्रोजेक्शन आलं आणि टॉप व्ह्यू वर काढायचा की खाली तेच आठवेना. बारा शीट्स काढलेल्या माणसाला!

एम१_तीनदा

खाली.

जीटीमास्टर

आता माहितीय रे. फ्रंट व्ह्यूच्या खाली. तेव्हा वर काढला होता.

जुनी_वही

जीटी म्हणजे शीटची वही वाचणंच झालं की. तिथेही तोच उपाय: शीट सबमिट झाली की दुसऱ्या दिवशी त्यातला एकच प्रश्न साध्या कागदावर हाताने, मोजमाप न करता, नुसते व्ह्यू कुठे येतात तेवढं काढायचं. दहा मिनिटं लागतात.

खडूस_काका

इथे सगळे मुलांनाच शिकवताय. मला प्राचार्यांना विचारायचंय. कॅपच्या फेऱ्या लांबतात, वर्ग उशिरा सुरू होतात, त्यात इंडक्शनचे दिवस जातात, आणि शेवटी सत्र दाबून संपवतात. शेवटचे तीन आठवडे नुसतं जर्नल आणि सबमिशन. मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत दुसऱ्याच्या असाइनमेंट उतरवत बसतो. तो 'रोज संध्याकाळी एक उदाहरण' कधी करणार? आधी उतरवायचं काम कमी करा, मग उपदेश करा.

डोंगरपायथा

काका, बोचलं, पण रास्त आहे. जर्नलचं सगळं माझ्या हातात नाही, काही आहे. एम-१ च्या असाइनमेंटमध्ये सगळ्या वर्गाला तेच दहा प्रश्न द्यायचे ही आमची पद्धत. त्यामुळे एक सोडवतो आणि बाकीचे उतरवतात. गणिताच्या शिक्षकांशी बोलतो. पण सोमवारपर्यंत काही बदलेल असं वचन देत नाही.

आईसाहेब_नगर

सर, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मुलाला शेवटच्या फेरीत प्रवेश मिळाला. कॉलेज दुसरं आहे, तुमचं नाही. तिथे वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झालेत. तो म्हणतो आधी मागचं सगळं व्हिडिओ बघून भरून काढतो, मग वर्गात लक्ष देतो. दीडपट वेगाने लावून बसलाय दिवसभर. बरोबर आहे का हे? तुमच्या भाषणात अशा मुलांसाठी काही आहे का?

तिखटमीठ

दीडपट वेगाने बघितलं की दीडपट वेगाने विसरतं. (शास्त्रीय आधार नाही. @निरुत्तर मारू नका.)

निरुत्तर

मारत नाही. वेगाचा प्रश्न नाहीच, दिवसभर बघण्याचा आहे. ती वहीच आहे, हलणारी.

जुनी_वही

@आईसाहेब_नगर, ताई, 'आधी मागचं, मग आजचं' असं करू देऊ नका. मागचं भरेपर्यंत आजचं मागचं होतं, आणि हे चक्र सत्रभर सुटत नाही. आजच्या तासाला त्याने बसावं, काही कळलं नाही तरी. संध्याकाळी आजचं एक उदाहरण बंद वहीने. ते सोडवताना मागचं जेवढं अडेल, तेवढंच मागे जाऊन बघायचं. म्हणजे आज पार्शल डिफरन्सिएशन चालू असेल तर त्याला साधं डिफरन्सिएशन हाताशी लागेल, ते बारावीचं आहे. पण पहिल्या युनिटमधलं टेलर सिरीज आज लागणार नाही, ते रविवारी. व्हिडिओ बंद करू नका, फक्त गणित मांडून झालं की थांबवायचा आणि पुढची ओळ आपण लिहायची, मग चालू करायचा.

सोनचाफा

आणि ताई, त्याला एक वर्गमित्र शोधायला सांगा ज्याला तो 'हे काय चाललंय' असं विचारू शकेल. टॉपर नको. परवाच कळलेलं असा कोणीतरी चांगलं सांगतो.

शिस्तबद्ध

माझ्या मते टॉपरच हवा.

डोंगरपायथा

(पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय.)

भाषण झालं. भाषण असं केलंच नाही म्हणा. फळा मागवला आणि @एम१_तीनदा यांचं गणित सावकाश सोडवून दाखवलं. 'समजलं का?' तीनशे माना डोलल्या. फळा पुसला. म्हटलं, आता पाच मिनिटं, तुम्ही लिहा. पंख्यांचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला. मी रांगांमधून फिरलो. बऱ्याच कागदांवर 'log' लिहिलेलं होतं आणि त्याखाली पांढरं. ज्यांचं पूर्ण झालं त्यांतल्या चांगल्या निम्म्यांनी वजा एक षष्ठांशाखाली दोन रेघा मारल्या होत्या. मागच्या रांगेत एक पालक, बहुधा वायरमनचं काम करणारे, मुलीच्या कागदावर बोट ठेवून म्हणत होते, "अगं पण वजा कसं येईल?" मी तिथेच थांबलो. त्यानंतर 'hence' सांगितलं आणि खाली बसलो. अठरा मिनिटं झाली.

आता खरं सांगतो. पहिल्या आठवड्यात पुष्कळ जण कागद घेऊन दाखवायला यायचे, रेघा मारलेले. आता आठ-दहा येतात, आणि ते बहुतेक असेही आले असते. जर्नल सुरू झाली की बाकीचे गळाले, खडूस काका म्हणाले तसंच. दोन तुकड्यांना असाइनमेंटचे आकडे बदलून दिले, तर मुलांनी आकडे बदलून उतरवायची युक्तीही शोधली. मागच्या पानावरच्या शब्दांच्या याद्या मात्र टिकल्या आहेत, का ते मला नीट कळलेलं नाही.

खडूस_काका

निदान आकडे बदलताना तरी गणित करतात की.

सोनचाफा

यादी टिकते कारण ती वाढते आणि मग थांबते, सर. रोजचं एक उदाहरण कधी थांबतच नाही. त्याला रविवारची सुट्टी द्या.

आईसाहेब_नगर

मुलाच्या चाचणीचा पेपर मिळाला. लिमिटचंच गणित होतं, दुसरं. लॉग घेतला, सगळं बरोबर केलं आणि शेवटी `e` लिहायला विसरला. मी विचारलं, अरे असं कसं? म्हणतो, "आई, संपलं असं वाटलं."

जुनी_वही

त्याला म्हणावं, रेघेशेजारी तेच लिही.